टेस्टर ‘पीं पीं’ वाजला, म्हणून फेज सापडली?

गणपतीत गावी गेलात, घर उघडलंत आणि लाईटच लागला नाही, तर तुम्ही काय कराल? आपल्यातले बरेच जण आता खिशातून तो पेनासारखा दिसणारा, वायरीला न टेकता वाजणारा टेस्टर काढतील. ऑनलाईन काही शे रुपयांत मिळतो. टोक वायरीजवळ नेलं की लाल दिवा लागतो, पीं पीं आवाज येतो आणि आपण जाहीर करतो, ‘ही फेज!’ हातात मोबाईल असताना जेवढा आत्मविश्वास येतो, तेवढाच हा टेस्टर हातात आला की येतो.

माझाही आला होता. मामाचं घर पोलादपूर सोडून कशेडी घाटाकडे निघालं की लागणाऱ्या एका वाडीत आहे. वर्षातले अकरा महिन्यांहून जास्त कुलूप. मे महिन्यात आठ दिवस आणि गणपतीत दहा दिवस घर जागं होतं. तसंच उघडलं, मेन स्विच खटकन वर केला, आणि काहीच झालं नाही. समोरच्या घरात टीव्ही चालू होता, म्हणजे वाडीत लाईट होती. आमच्या मीटरवर आकडे दिसत होते, म्हणजे मीटरपर्यंतही लाईट होती. मग मी टेस्टर काढला आणि ओटीवरच्या सॉकेटच्या उजव्या भोकात टोक घातलं. पीं पीं. बरोबर, सॉकेट समोरून बघितलं तर फेज उजवीकडे असते. मग खात्री म्हणून डाव्या भोकात घातलं, जिथे न्यूट्रल असायला हवी. तिथेही पीं पीं.

माजघरात तेच. स्वयंपाकघरात तेच. मी मामाला सांगून टाकलं, “मामा, आपल्याकडे दोन्ही वायरींत फेज आलीय. खांबावर उलटसुलट जोडलंय कुणीतरी.” मामाने मान डोलावली, कारण भाची शिकलेली. वाडीतले वायरमनकाका संध्याकाळी आले तेव्हा त्यांनी हे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “देवघरातला झिरोचा बल्ब चालू आहे का?”

बल्ब लागलेला नव्हता, पण त्याचं बटण खाली होतं. आजीच्या काळापासून ते बटण कधी बंदच होत नाही. काकांनी ते बंद केलं आणि मला म्हणाले, “आता लाव तुझं यंत्र.” उजव्या भोकात पीं पीं. डाव्या भोकात शांतता.

या एका बटणाने मला त्या टेस्टरबद्दल जे शिकवलं, ते त्याच्या डब्यावर कुठेही छापलेलं नव्हतं. ते नीट कळायला आधी हा टेस्टर नक्की काय ‘ऐकतो’ ते बघू.

तो वायरीला शिवत नाही, मग वाजतो कसा?

आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची आणि एसी असते, म्हणजे फेजच्या वायरीवरचं व्होल्टेज सेकंदाला ५० वेळा वरखाली होतं. कोणत्याही दोन धातूंच्या मध्ये प्लास्टिक किंवा हवा असली की त्यांचा एक छोटासा कपॅसिटर तयार होतो. बारावीच्या फिजिक्समध्ये हा धडा होता, आठवत असेल. वायरीचं तांबं हा एक धातू, टेस्टरच्या टोकातली पट्टी हा दुसरा, मध्ये वायरीचं प्लास्टिक आणि थोडी हवा. व्होल्टेज बदलत असल्यामुळे या कपॅसिटरमधून अतिशय बारीक करंट वाहतो. तो टेस्टरमधून तुमच्या हातात, हातातून अंगात, आणि अंगातून जमिनीत जातो. चप्पल असली तरी जातो, कारण तुमचं अंग आणि जमीन यांचाही एक कपॅसिटर झालेला असतो. टेस्टरच्या आतली सर्किट हा बारीक करंट मोठा करते आणि दिवा लावते, आवाज काढते. त्यासाठीच त्याला बॅटरी लागते.

थोडक्यात, त्याचं म्हणणं फक्त इतकंच असतं: ‘माझ्या टोकाजवळ बदलतं व्होल्टेज असलेलं काहीतरी आहे, आणि तुझ्या अंगाच्या मानाने ते वेगळं आहे.’ ते काहीतरी फेजची वायर आहे, की फेजशी कुठून तरी जोडली गेलेली न्यूट्रल आहे, की शेजारच्या वायरीमुळे चढलेली सुटी वायर आहे, की ओली भिंत आहे, यातला फरक त्याला कळत नाही. फरक करायचं काम त्याने तुमच्यावर टाकलेलं असतं. आपण मात्र ‘पीं पीं’चं भाषांतर ‘फेज’ असं करतो, आणि गडबड तिथेच होते.

दोन्ही भोकं का वाजली?

आता मामाच्या घराकडे परत येऊ. जुन्या घरांमध्ये मेन स्विचच्या शेजारी चिनीमातीचे किटकॅट फ्यूज असतात. हल्ली फ्यूज फक्त फेजवर ठेवतात, पण पूर्वी काही वायरिंगमध्ये फेजवर एक आणि न्यूट्रलवर एक असे दोन किटकॅट लावलेले सापडतात. मामाच्या घरात तसंच होतं. काकांनी मेन स्विच खाली पाडला आणि दोन्ही किटकॅट ओढून काढले. पहिल्यातली तार ठीक होती. दुसऱ्यातली, न्यूट्रलवाली, हिरवट पडून मधोमध तुटली होती. चार महिने पाऊस, बंद घर, दमट भिंत. कोणी काही चुकीचं जोडलं नव्हतं. तार गंजून गेली होती, बस.

मग न्यूट्रल तुटली तर न्यूट्रलचं भोक वाजतं कसं? करंटच्या वाटेने चालत जाऊ. फेज मेन स्विचमधून घरात येते. देवघरातल्या बटणापर्यंत जाते. बटण चालू, म्हणून बल्बच्या एका टोकाला पोचते. बल्बची तार म्हणजे शेवटी एक तारच. तिच्यातून ती दुसऱ्या टोकाला येते, तिथून न्यूट्रलच्या वायरीत. एरवी इथून पुढे मीटरकडे, खांबाकडे परत जायला वाट असते, करंट वाहतो, बल्ब लागतो आणि न्यूट्रलवर व्होल्टेज जवळपास शून्य राहतं. पण ती वाट किटकॅटमध्ये तुटलेली आहे. करंट वाहत नाही, बल्ब लागत नाही, आणि बल्बच्या पलीकडची सगळी न्यूट्रल फेजच्याच व्होल्टेजला येऊन बसते. घरभरातल्या न्यूट्रल एकमेकींना जोडलेल्या असल्यामुळे ओटीपासून स्वयंपाकघरापर्यंतची सगळी डावी भोकं एका झिरोच्या बल्बमुळे २३० व्होल्टला चढली.

म्हणजे टेस्टर खोटं बोलत नव्हता. दोन्हीकडे खरंच व्होल्टेज होतं. खोटा होता माझा निष्कर्ष. आणि तो नुसता खोटा नव्हता, घातक होता. माझ्या जागी कुणी ‘काळी वायर म्हणजे न्यूट्रल, हिला हात लावला तरी चालतो’ असं समजून ती पकडली असती, तर बल्बमधून आलेला करंट त्याच्या अंगातून जमिनीत गेला असता. झिरोचा बल्ब लहान, म्हणून त्यातून जाऊ शकणारा करंटही मोजका, पण माणसाला इजा करायला तो पुरेसा असू शकतो. त्या जागी इस्त्री किंवा गीझर चालू राहिलेला असता तर तेवढाही अडसर उरला नसता.

काकांची पद्धत यावरून कळते आणि ती तुम्हीही करून बघू शकता, कारण तिच्यात कुठलंही झाकण उघडावं लागत नाही. दोन्ही भोकं वाजत असतील तर घरातली सगळी बटणं बंद करा आणि सगळे प्लग काढा. टीव्हीचा सेट टॉप बॉक्स, फ्रिज, मोबाईलचा चार्जर, सगळं. मग परत बघा. डावं भोक गप्प झालं तर न्यूट्रल कुठेतरी तुटलेली असण्याची दाट शक्यता आहे. ती कुठे तुटली हे शोधणं वायरमनचं काम. तुटली ती मीटरच्या अलीकडे की पलीकडे, हेही त्याला कळतं. पलीकडची असेल तर तो महावितरणचा विषय आणि १९१२ वर तक्रार.

काकांनी नंतर मल्टिमीटर लावून दाखवलं तेव्हा हीच गोष्ट आकड्यांत दिसली. बल्बचं बटण चालू ठेवून त्यांनी तीन ठिकाणी मोजलं. फेज आणि अर्थिंगच्या मध्ये २३० च्या आसपास. न्यूट्रल आणि अर्थिंगच्या मध्येही जवळपास तेवढंच. आणि फेज व न्यूट्रलच्या मध्ये शून्य! एकट्या वायरीला विचारलं तर दोघीही ‘मी गरम’ म्हणतात, पण एकमेकींच्या मानाने त्यांच्यात काही फरकच नाही, म्हणून घरात काही चालत नाही. न टेकता वाजणारा टेस्टर एका वेळी एकाच जागेबद्दल बोलतो. दोन वायरींमध्ये काय आहे हे त्याला कधीच सांगता येत नाही. ‘लाईट आहे का’ या प्रश्नाचं खरं उत्तर मात्र नेहमी दोन वायरींच्या मध्ये असतं.

सुटी वायरसुद्धा वाजते

काकांनी किटकॅटच्या जागी न्यूट्रलवर तांब्याची अखंड लिंक टाकली, घर उजळलं, आजीने देवासमोर हात जोडले. मला वाटलं झालं. पण पडवीतल्या बोर्डावर एक वायर मला अजून खटकत होती. पूर्वी तिथे बाहेरचा दिवा होता, तो काढून टाकलाय, वायर मात्र पाईपातच राहिलीय. दोन्ही टोकांना कशालाच जोडलेली नाही, टोकांवर चिकटपट्टी. तरी टेस्टर तिच्यावर वाजायचा.

हाही तोच कपॅसिटरचा खेळ. पाच-सहा मीटरच्या पाईपात फेजची वायर आणि ही सुटी वायर अगदी चिकटून पडलेल्या. फेजमुळे हिच्यावर व्होल्टेज चढतं. जवळची न्यूट्रल किंवा भिंत तेच व्होल्टेज खाली खेचते. समजा दोन्हीकडची ओढ सारखी असेल, तर ही वायर मधेच, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहते. मल्टिमीटर लावला तर तोही दहा-वीस ते शंभरेक व्होल्ट दाखवू शकतो, कारण चांगला डिजिटल मल्टिमीटर मोजताना जवळजवळ काहीच करंट घेत नाही. या व्होल्टेजच्या पाठीमागे दम नसतो. वायरमन तिला आणि न्यूट्रलला टेस्ट लॅम्प लावतो, म्हणजे होल्डरला नीट वायरी जोडलेला साधा बल्ब. बल्ब लागत नाही आणि व्होल्टेज तिथल्या तिथे कोसळतं. खरी फेज असेल तर बल्ब भक्कन लागतो.

तुमच्या खोलीतला एलईडी बल्ब बटण बंद केल्यावरही काजव्यासारखा मिणमिणतो का? बहुतेकदा त्याचंही कारण हेच. बटणाकडून येणारी बंद वायर शेजारच्या चालू वायरीमुळे चढते आणि एलईडीला मिणमिणायला तेवढं पुरतं. पण दुसरंही एक कारण असू शकतं. बटण चुकून फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेलं असलं, तर बटण बंद केल्यावर बल्ब विझतो, पण होल्डरमध्ये पूर्ण फेज उभी असते. टेस्टर दोन्ही वेळा वाजेल. म्हणून ‘असंच वाजतंय, चढलेलं व्होल्टेज असेल’ असं म्हणून सोडून देऊ नका. दम नसलेलं व्होल्टेज आणि खरी फेज यांतला फरक पेन टेस्टर सांगूच शकत नाही. तो कळेपर्यंत ती वायर फेजच समजायची.

(स्क्रू-ड्रायव्हरसारखा जुना निऑनवाला टेस्टर या बाबतीत शहाणा आहे असं समजू नका. तोही तुमच्या अंगातून बारीक करंट सोडूनच लागतो आणि सुट्या वायरीवर तोही मंद पेटतो.)

आणि वाजला नाही तर?

इथपर्यंत टेस्टर जास्त बोलत होता. खरी भीती तो गप्प बसतो तेव्हाची, कारण गप्प बसला की आपण हात घालतो.

काकांनी मला एक प्रयोग करून दाखवला. माळ्याखालून जाणारी एक चालू वायर होती. जमिनीवर अनवाणी उभं राहून, हात लांब करून मी टेस्टर जवळ नेला, तर बोटभर अंतरावरूनच वाजायला लागला. मग रबरी स्लीपर घालून लाकडी शिडीवर चढले, डोकं त्याच वायरीच्या जवळ, दुसरा हात वाशाला. आता टोक अगदी वायरीला चिकटवलं तेव्हा कुठे तो अडखळत वाजला. वायर तीच, टेस्टर तोच. बदललं होतं माझं अंग. जमिनीपासून मी लांब गेले, त्यामुळे करंटची परतीची वाट बारीक झाली. शिवाय डोकं वायरीजवळ असल्यामुळे माझ्याच अंगावर थोडं व्होल्टेज चढलेलं. टोक आणि हात यांच्यात फरक उरला नाही तर टेस्टरला ऐकू काय येणार? आता विचार करा, पंख्याचं काम आपण कुठे उभं राहून करतो? शिडीवर किंवा प्लास्टिकच्या स्टुलावर.

दुसरी जागा म्हणजे लोखंडी पाईप. खांबावरून येणारी सर्व्हिस वायर कौलांवरून जीआय पाईपातून घरात उतरते. पाईपावर टेस्टर लावला, शांत. आतली वायर चालूच आहे, पण अर्थिंगला जोडलेला पाईप तिचं सगळं क्षेत्र आतच अडवून ठेवतो. शेतावरच्या पंपाच्या आर्मर्ड केबलचंही तेच. अशा पाईपात किंवा केबलमध्ये वीज आहे का, हे हा टेस्टर बाहेरून कधीच सांगू शकत नाही. उलट एखादा पाईप वाजलाच, तर त्याचा अर्थ फार वाईट आहे. अर्थिंग तुटलंय आणि पाईपावरच वीज उतरलीय अशी शक्यता धरायची, लांब राहायचं, घरातल्या पोरांना लांब ठेवायचं आणि वायरमन किंवा महावितरणला बोलवायचं.

तिसरी जागा डीसी. इन्व्हर्टरची बॅटरी, सोलरच्या पॅनलमधून उतरणाऱ्या वायरी. तिथलं व्होल्टेज बदलत नाही, म्हणून कपॅसिटरमधून करंट वाहत नाही आणि टेस्टर मुका राहतो. छतावर पॅनलची रांग सिरीजमध्ये जोडलेली असली तर ऊन असताना त्या वायरींवर कित्येकशे व्होल्ट असू शकतात. टेस्टर गप्पच.

आणि घाटाखालच्या गावांची म्हणून एक खास फसगत आहे. पावसात कशेडीच्या बाजूला लाईट किती वेळा जाते ते इथल्या लोकांना विचारा. झाडाची फांदी तारेला लागली, गेली लाईट. पाच मिनिटांनी आली. परत गेली. समजा तुम्ही मेन स्विच बंद न करता नुसतं बोर्ड उघडून टेस्टर लावला आणि नेमकी त्याच वेळी लाईट गेलेली असेल, तर टेस्टर शांत. तुम्ही वायर हातात घेता. आणि लाईट येते. टेस्टरची शांतता फक्त त्या सेकंदाची असते. पुढच्या सेकंदाची हमी फक्त बंद केलेला मेन स्विच देतो, आणि तोही कुणी वर करणार नाही याची सोय केली असेल तरच. काका काम करताना काढलेला किटकॅट स्वतःच्या शर्टाच्या खिशात ठेवतात. “घरात वीस पाहुणे आलेत गणपतीला,” ते म्हणाले, “एक जण तरी लाईट गेली म्हणून मेन वर करणार बघ.” एमसीबी असेल तर ती खाली पाडून त्यावर चिकटपट्टी लावायची आणि एका माणसाला तिथे उभं करायचं. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद, नाहीतर मेन बंद करूनही घरातल्या काही वायरी चालूच राहतात.

ओली भिंत

मामाने मागच्या वर्षी मागे स्लॅबचं न्हाणीघर बांधलंय. तिथल्या वायरी भिंतीच्या आतून गेल्यात. मखराच्या पडद्याची दोरी बांधायला त्या भिंतीच्या माजघराकडच्या बाजूला खिळा ठोकायचा होता, म्हणून मी आतली वायर कुठून जाते ते टेस्टरने शोधायला गेले. मे महिन्यात असतं तर बोर्डापासून वर छताकडे दोन-तीन बोटं रुंदीची एक पट्टी वाजली असती आणि ती सोडून खिळा ठोकता आला असता. सप्टेंबरात मात्र हातभर रुंद भिंत सरसकट वाजत होती. ओलं प्लास्टर थोडंफार वीजवाहक होतं आणि आतल्या वायरीमुळे सगळंच चढतं. वायर नक्की कुठे आहे ते अशा भिंतीवर या टेस्टरने कळत नाही. आवाज जिथे सर्वांत मोठा तिथेच वायर, असंही नाही.

यात एक अवघड प्रश्न लपलाय. भिंत नुसती कपॅसिटरमुळे वाजतेय की वायरीचं प्लास्टिक फाटून खरंच वीज झिरपतेय? दोन्ही वेळा पीं पीं सारखाच. फरक करायला वायरमन मेन बंद करून मेगर लावतो. हे यंत्र वायरीवर ५०० व्होल्ट टाकून तिचं इन्शुलेशन किती धरतंय ते मोजतं. २२ जुलै २०२१ ला महाडमध्ये सावित्री आणि गांधारीचं पाणी शिरलं तेव्हा किती घरांचे बोर्ड पाण्याखाली गेले होते ते आठवा. असं पाणी ओसरलं, भिंत वरून कोरडी दिसली, तरी भिंतीतल्या पाईपात चिखल आणि ओल बरेच दिवस टिकते. अशा घरात पेन टेस्टर वाजला काय आणि नाही वाजला काय, त्यावरून काहीच ठरवता येत नाही. तिथे मेगरशिवाय लाईट चालू करूच नये.

न्हाणीघराच्या लाईनची एमसीबी पाडल्यावर आमची भिंत गप्प झाली. म्हणजे जे काही होतं ते त्याच लाईनमधून येत होतं. काकांनी मेगर आणून दुसऱ्या दिवशी बघतो म्हटलं, तोवर ती एमसीबी खालीच ठेवायला सांगितली. दहा जणांनी न्हाणीघरात मोबाईलच्या टॉर्चवर आंघोळी केल्या. मखराच्या पडद्याची दोरी शेवटी लाकडी खांबाला बांधली.

निघताना मी काकांना विचारलं, मग हा टेस्टर ठेवू की टाकू? त्यांनी स्वतःच्या खिशातून तसाच एक काढून दाखवला. फक्त ते तो वेगळ्या पद्धतीने वापरतात. आधी चालू सॉकेटच्या उजव्या भोकात लावून बघतात, वाजला म्हणजे बॅटरी आणि टेस्टर ठीक. मग मेन बंद करून ज्या वायरीवर काम करायचं तिच्यावर लावतात, गप्प. मग इन्व्हर्टरवरच्या किंवा शेजारच्या घरातल्या एखाद्या चालू सॉकेटवर परत लावतात, परत वाजला पाहिजे. मधल्या मिनिटात बॅटरी मेली असेल तर ती तिथे पकडली जाते. वाजला तर हात लावायचा नाही, इतकंच ते या टेस्टरचं ऐकतात. गप्प बसला तर मात्र त्याचं ऐकत नाहीत, टेस्ट लॅम्प किंवा मल्टिमीटर दोन वायरींच्या मध्ये, आणि प्रत्येक वायर व अर्थिंगच्या मध्ये लावून बघतात. मगच पक्कड बाहेर येते.

दुसऱ्या दिवशी मेगर आला. न्हाणीघराच्या लाईनमध्ये गीझरच्या पॉईंटमागे एक जोड भिंतीतच नुसती चिकटपट्टी गुंडाळून सोडलेला निघाला.